मागच्या ओझ्याचा हिशेब

नवी मुंबईच्या खाडीकाठी सहा मीटर जाडीचा मऊ, काळपट चिकणमातीचा थर आहे असे धरू. भूजल अगदी पृष्ठभागाशी. त्यावर दोन मीटर उंचीचा मुरमाचा भराव टाकायचा आहे. भराव किती बसेल? या प्रश्नाचे उत्तर दहा सेंटिमीटर असू शकते, अर्धा मीटर असू शकते आणि चक्क एक मीटरही असू शकते. माती तीच, जाडी तीच, वरचे ओझेही तेच. फरक पडतो तो त्या मातीने यापूर्वी कधी, किती ओझे सोसले आहे याने.

चिकणमातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात. ओझे आले की सुरुवातीला ते पाण्यावर पडते. पाणी हळूहळू निसटते, ओझे कणांच्या सांगाड्यावर उतरते, सांगाडा दाबला जातो आणि जमीन बसते. यालाच कन्सॉलिडेशन म्हणतात, मराठी पाठ्यपुस्तकांत दृढीकरण. ओझे काढले तर माती थोडी फुगते, पण पूर्ववत होत नाही. दाबल्या गेलेल्या रचनेचा बराचसा भाग तसाच राहतो. नव्या कापसाच्या गादीवर पहिल्यांदा झोपले की ती चांगलीच दबते, नंतर त्याच वजनाला फारशी दबत नाही. मात्र तिच्यावर आणखी जड माणूस झोपला की दबणे पुन्हा सुरू होते. मातीचे नेमके असेच असते.

मातीने आजवर सोसलेला सर्वांत मोठा दाब म्हणजे प्रीकन्सॉलिडेशन प्रेशर, पूर्वदृढीकरण दाब. त्याला आजच्या दाबाने भागले की येतो तो ओव्हरकन्सॉलिडेशन रेशो, इंजिनीअरांच्या तोंडी नुसता ओसीआर. तो १ असेल तर आज जेवढे ओझे आहे त्याहून जास्त त्या मातीने कधी पाहिलेले नाही. २ असेल तर एके काळी आजच्या दुप्पट पाहिले आहे.

आता वरचा थर आकड्यांत मांडू. पाण्याखालच्या या मातीचे परिणामी वजन घनमीटरला अर्धा टन धरले, तर थराच्या मध्यावर, म्हणजे तीन मीटर खोल, कणांवरचा दाब चौरस मीटरला दीड टन होतो. दोन मीटर भराव चार टन घालतो. म्हणजे दाब दीडवरून साडेपाचवर जाणार. या मातीच्या चाचणीत असे दिसले आहे असे समजू, की नव्याने सोसायच्या दाबाच्या टप्प्यात दाब दुप्पट झाला की जाडी ९ टक्क्यांनी घटते आणि आधी सोसलेल्या टप्प्यात तेवढ्यालाच फक्त ०.९ टक्क्याने. खाडीच्या मातीला हे दहापटीचे अंतर मुळीच अतिशयोक्त नाही.

ओसीआर १ असेल तर सगळा प्रवास नव्या टप्प्यात होतो. दीडपासून साडेपाच म्हणजे जवळजवळ दोनदा दुप्पट, म्हणजे सुमारे १७ टक्के, म्हणजे सहा मीटरच्या थरात एक मीटर. ओसीआर ४ असेल, म्हणजे जुना दाब सहा टन, तर साडेपाच टन त्या मर्यादेच्या आतच राहतो आणि भराव दहा सेंटिमीटर बसतो. ओसीआर २ असेल, तर पहिला दीड ते तीन टनांचा पल्ला पाचेक सेंटिमीटरमध्ये निभावतो, पुढचा तीन ते साडेपाचचा पल्ला मात्र ४७ सेंटिमीटर खातो. एकूण अर्ध्या मीटरच्या थोडे वर. (खरे काम करताना थराचे तीन-चार पदर पाडून प्रत्येकाचा हिशेब वेगळा करतात, कारण वरच्या पदराचा आजचा दाब खालच्यापेक्षा कितीतरी कमी असतो. शिवाय भराव बसत बसत पाण्यात जातो, त्याचे ओझे घटते, आणि ठरलेली पातळी राखायची तर वरून आणखी माती टाकावी लागते. ती पुन्हा बसते.)

हा जुना दाब आला कुठून? लंडनच्या चिकणमातीवर एके काळी दीड-दोनशे मीटर किंवा त्याहूनही जाड गाळ होता, तो झिजून गेला. कुठे हिमनदी वितळून गेली. कुठे भूजल खाली जाऊन पुन्हा वर आले. पाणी उतरले की कणांना मिळणारी उचल कमी होते आणि दाब वाढतो, म्हणून हेही एक ओझेच. उन्हात वाळलेल्या खाडीच्या पृष्ठभागावर मीटरभर जाडीची कडक खपली धरते. वाळताना पाण्याच्या ओढीने कण घट्ट आवळले गेलेले असतात, त्यामुळे तिचा ओसीआर चांगला असतो आणि तिच्याखाली लगेच मऊ गाळ. वरच्या मीटरातला नमुना तपासून खालच्या सगळ्या थराबद्दल निश्चिंत होणे ही फार जुनी चूक आहे.

हा दाब मोजायचा कसा? जागेवर बोअर घेऊन पातळ भिंतीच्या नळीत न हलवता नमुना काढतात. प्रयोगशाळेत त्यातून वीस मिलिमीटर जाडीची चकती कापून पितळी किंवा स्टीलच्या कड्यात बसवतात, वर-खाली सच्छिद्र दगड, भोवती पाणी. मग तरफेवर वजने टाकतात, दर चोवीस तासांनी दाब दुप्पट: चौरस मीटरला अडीच टन, पाच, दहा, वीस, चाळीस, ऐंशी. मऊ खाडीच्या मातीला सुरुवात अर्ध्या टनापासून करावी लागते, नाहीतर जो बाक शोधायचा तोच सुटून जातो. डायल गेजची सुई काही मिनिटे झरझर फिरते, मग रेंगाळते. आपल्याकडे ही चाचणी आयएस २७२०च्या पंधराव्या भागाप्रमाणे होते.

निकाल लॉग कागदावर काढला की आधी सपाट, मग वाकून खाली उतरणारी रेघ दिसते. वाकण कुठे ते ठरवायची रीत आर्थर कासाग्रांदे याने १९३६मध्ये दिली आणि ती आजही प्रत्येक प्रयोगशाळेत चालते. जिथे बाक सर्वांत तीव्र तो बिंदू डोळ्यांनी निवडायचा. तिथून एक आडवी रेघ आणि एक स्पर्शरेषा काढायची, दोन्हींमधल्या कोनाचा दुभाजक काढायचा. खालच्या सरळ उताराची रेघ मागे वाढवली की ती दुभाजकाला जिथे छेदते तो पूर्वदृढीकरण दाब. ‘डोळ्यांनी निवडायचा’ हे शब्द विसरू नयेत. आलेखाचे मोजमाप बदलले तरी बाक वेगळ्या ठिकाणी भासतो.

आणि बाक नीट दिसण्याची हमीही नसते. नमुना नळीत ठोकला गेला, टेम्पोत खडखडत आला, कड्यात घालताना दाबला गेला, की कणांची रचना मोडते. मग रेघ बाक न घेता गोलाईत उतरते, जुना दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि खालचा उतारही सौम्य होतो. म्हणजे एकाच वेळी एक चूक घाबरवणारी आणि दुसरी फसवणारी. ओळखायची एक सोपी खूण आहे. नमुन्यावर जमिनीत होता तेवढाच दाब पुन्हा दिला की तो किती दबतो ते पाहायचे. एक-दोन टक्के ठीक. चारच्या पुढे गेला तर त्या आलेखावर हिशेब बेतू नये.

अहवालात कधी कधी ओसीआर ०.७ असा आकडा येतो. एक तर नमुना बिघडलेला, किंवा थर अजून पूर्वीच्याच भरावाखाली बसतो आहे आणि पाण्याने काही ओझे अद्याप पेलून धरले आहे. नव्याने भरलेल्या खाडीच्या जमिनीत दुसरी शक्यता अगदी खरी असते. पिझोमीटर बसवून पाण्याचा दाब मोजला की उलगडा होतो.

जुन्या दाबाच्या सीमारेषेवर उभे राहण्याचे परिणाम जगाला जपानच्या कान्साई विमानतळाने दाखवले. ओसाकाच्या उपसागरात १८ मीटर पाण्यात उभे केलेले हे बेट. १९८७मध्ये काम सुरू झाले, १९९४मध्ये विमानतळ उघडला. वरचा वीसेक मीटर मऊ गाळ बसणार हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यात वाळूचे खांब घालून पाणी काढले आणि तो लवकर बसवून घेतला. घोटाळा त्याच्या खाली होता. तिथे शेकडो मीटर खोलपर्यंत जुनी, बरीच टणक चिकणमाती आहे. तिच्यावरून कोणतेही ओझे उतरलेले नाही, तरी तिचा ओसीआर १ पेक्षा थोडा जास्त, कारण लाखो वर्षांच्या वयाने कणांमध्ये बंध आले होते. टणक दिसली तरी तिची शिल्लक तुटपुंजी होती. तेहतीसेक मीटर जाड भरावाचे ओझे तिच्या वरच्या पदरांत त्या मर्यादेच्या पार गेले आणि माती पुन्हा तीव्र उतारावर आली. इतक्या खोल निचऱ्याचे खांब नेणे शक्यच नव्हते. भराव चालू असतानाच अंदाज वाढवावा लागला. आजवर पहिले बेट एकूण १३ मीटरहून जास्त बसले आहे. टर्मिनलच्या सुमारे ९०० खांबांखाली जॅक लावून पट्ट्या सरकवण्याची सोय आधीच ठेवली होती म्हणून इमारत सरळ राहिली.

हीच मातीची खोड मुद्दाम वापरताही येते. आपल्या सहा मीटर थरावर कायमचे चार टन यायचे असतील तर आधी सहा टनांचा भराव घालायचा, थर बसू द्यायचा, मग वरचे दोन टन काढून न्यायचे. मध्यावर साडेसात टन सोसून झालेले, आज साडेपाच: ओसीआर जवळजवळ १.४. याला प्रीलोडिंग म्हणतात. अडचण फक्त वेळेची. पाण्याला वर किंवा खाली तीन मीटर जायचे असेल आणि मातीचा दृढीकरण गुणांक वर्षाला एक चौरस मीटर असेल, तर नव्वद टक्के बसायला साडेसात वर्षे लागतात. म्हणून मीटर-सव्वामीटर अंतरावर प्लॅस्टिकचे पट्टीसारखे बँड ड्रेन यंत्राने खुपसतात. पाण्याची वाट अर्ध्या मीटरवर येते आणि वर्षांचे काम महिन्यांवर येते. खाडीच्या मऊ मातीवर कंटेनर यार्ड किंवा रस्ते बांधताना हीच पद्धत वापरतात.

जादा भराव कधी काढायचा हा खरा वादाचा मुद्दा. ठेकेदाराला मुरूम पुढच्या पट्ट्यात न्यायचा असतो, त्यामुळे घाई तिकडून असते. सेटलमेंट प्लेटची वाचने ठरावीक दिवसांनी घेऊन प्रत्येक वाचन आधीच्या वाचनासमोर मांडले की बिंदू सरळ रेषेत येतात. ती रेषा ४५ अंशांच्या रेषेला जिथे मिळते तिथे थर बसायचा थांबेल. असाओकाची ही पद्धत १९७८ची. तिने नव्वद टक्के दाखवले तरी पिझोमीटर पाहिल्याशिवाय काढू नये, कारण थराच्या मध्यावर दाब अजून शिल्लक असू शकतो आणि तेवढ्या पदराचा ओसीआर कागदावरच राहतो. व्यवस्थित काढला, तर पुढची वर्षानुवर्षे चालणारी मंद घसरणही बरीच कमी होते, आणि डांबरी यार्डाच्या दुरुस्तीचा खर्च बहुतेक त्या मंद घसरणीनेच येतो.