चौथ्या ड्राफ्टआधीची चिठ्ठी

कांदा-लसूण मसाल्याचं दोनशे ग्रॅमचं पाऊच. ग्राहक म्हणजे गावातला एक बचत गट. ब्रीफ पानभराचं: पांढरा धरून चारच रंग, नाव देवनागरीत आणि दुकानाच्या फळीवर लांबून वाचता येईल एवढं मोठं, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, खाली वजन आणि किमतीसाठी मोकळी जागा. ज्युनिअर डिझायनरचा तिसरा ड्राफ्ट आला, तो सात रंगांत. सोनेरी छटा, इंग्रजीत मोठं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरांत मराठी.

टीम लीडनं आधी लिहिलं, ‘तू ब्रीफ वाचतच नाहीस.’ मग खोडलं. तो वाचतो की नाही, हे तिला दिसलेलं नव्हतं. दिसला होता तो ड्राफ्ट. लेखी फीडबॅक बहुतेकदा इथेच घसरतो. कामावरचं बोलणं माणसावर जातं आणि वाचणारा सुधारणा सोडून स्वतःचा बचाव करत बसतो. उलट टोक म्हणजे ‘छान आहे, फक्त थोडं बघ’. ते वाचून चौथा ड्राफ्टही सात रंगांतच येणार.

शेवटी तिनं पाठवलं ते असं:

‘ब्रीफमध्ये चार रंग आहेत, तुझ्या ड्राफ्टमध्ये सात. हे पाऊच ग्रॅव्ह्युअरवर छापलं जाणार आहे. तिथे प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, म्हणजे तीन सिलिंडरांचा खर्च गटावर वाढतो. हिरवा रंग चिन्हासाठी लागणारच, पांढरा अस्तराला. उरले लाल आणि काळा. तेवढ्यात काम बसव. मराठी नाव वर, सर्वांत मोठं. मिरच्यांचं रेखाचित्र उत्तम आहे, एका रंगात छापलं तरी उठून दिसेल, ते ठेव. सलग तिसऱ्यांदा रंगांची अट सुटली आहे, म्हणून या वेळी ब्रीफची प्रत ड्राफ्टशेजारी ठेव आणि प्रत्येक अट कुठे पाळली ते लिहून गुरुवारी दुपारपर्यंत दे. ब्रीफमधलं काही पटत नसेल किंवा कळलं नसेल, तर आजच विचार.’

यातलं मिरच्यांचं कौतुक कडू गोळीवरची साखर नाही. काय बदलायचं याइतकंच काय हलवायचं नाही हेही डिझायनरला कळावं लागतं, नाहीतर तो सगळंच पुसून नव्यानं सुरू करतो. आणि सिलिंडरचं कारण दिल्यामुळे चार रंगांची अट ही बाईंची लहर उरत नाही.

‘तिसऱ्यांदा’ हा शब्द मात्र तिनं मुद्दाम ठेवला. तो गाळला असता तर चिठ्ठी गोड झाली असती, पण खोटी.

संध्याकाळी उत्तर आलं: ‘ब्रीफमध्ये “प्रीमियम लुक” लिहिलंय. सोनेरीशिवाय प्रीमियम कसं दाखवू?’

लीडनं ब्रीफ उघडलं. शब्द होता, आणि तिनंच लिहिलेला. तो खोडून तिनं तिथे लिहिलं, ‘स्वच्छ, भरपूर मोकळी जागा’. रंग चारच राहिले, गुरुवारही तोच.