हिरवा टोमॅटो चालतो, मग हिरवा बटाटा का नाही?

हिरव्या टोमॅटोची तीळ-दाणे घातलेली चटणी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या खाल्ली जाते. तरीही अधूनमधून कुणीतरी धास्ती घालतं की कच्च्या टोमॅटोत बटाट्यातलंच विष, म्हणजे सोलॅनिन असतं. दोन्ही झाडं एकाच कुळातली, त्यामुळे शंका अगदीच अनाठायी नाही. पण टोमॅटोत मुख्यतः असतं ते टोमॅटीन. रचनेनं ते सोलॅनिनचं भावंड आहे, गुणानं मात्र बरंच मवाळ.

अगदी लहान, कोवळ्या टोमॅटोत किलोमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत टोमॅटीन सापडतं. फळ वाढतं तसं ते उतरत जातं आणि पिकल्यावर किलोमागे पाचेक मिलिग्रॅम उरतं. समजा, पन्नास किलो वजनाच्या बाईनं असे कोवळे टोमॅटो १०० ग्रॅम खाल्ले, तर पोटात फार तर ५० मिलिग्रॅम टोमॅटीन जाईल. बटाट्यातली द्रव्यं एवढीच पोटात गेली, तर नाजूक प्रकृतीच्या माणसाला मळमळ सुरू होऊ शकते. टोमॅटीनचं तसं होत नाही, कारण आतड्यात ते कोलेस्टेरॉलला चिकटतं, त्याचा न विरघळणारा गोळा बनतो आणि बराचसा शौचावाटे निघून जातो. हॅमस्टरना हिरवे टोमॅटो खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उलट घटलं. पेरूच्या आल्तो मायो खोऱ्यात तर पिकल्यावरही टोमॅटीन भरपूर राहणारे कडवट छोटे टोमॅटो लोक खातात आणि त्यांना त्याची बाधा झाल्याचं दिसलेलं नाही.

बटाट्याची गोष्ट वेगळी. त्यातलं सोलॅनिन आणि त्याच्या जोडीचं चाकोनिन रक्तात शिरतं, आतड्याचं अस्तर दुखावतं आणि मज्जातंतूंच्या कामातही ढवळाढवळ करतं. १९६९ साली लंडनमधल्या एका शाळेत उन्हाळी सत्रापासून पडून राहिलेले बटाटे जेवणात वापरले गेले. ७८ मुलं उलट्या-जुलाबांनी आजारी पडली, त्यांतल्या १७ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. सुदैवानं सगळी बरी झाली. बटाटे शिजवलेले होते, पण उकळल्यानं सोलॅनिन मोडत नाही.

टोमॅटोचा हिरवा रंग कच्चेपणाचा असतो. बटाटा हिरवा होतो तो उजेडात पडल्यामुळे. तो रंग स्वतः निरुपद्रवी, साधं हरितद्रव्य. पण त्याच उजेडात सालीखाली सोलॅनिनही वाढतं, म्हणून रंगाला इशारा मानायचं. मोड आलेल्या डोळ्यांपाशी ते सर्वाधिक साठतं.

तेव्हा हिरव्या टोमॅटोची चटणी खुशाल करा, फक्त बोराएवढी कोवळी फळं, पानं आणि देठ त्यात घेऊ नका. बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा. किंचित हिरवट असेल तर जाड साल काढून डोळे खोल कोरा. बराच हिरवा झालेला किंवा शिजल्यावर कडू लागणारा बटाटा मात्र सरळ फेकून द्या.