शेअर तेवढेच, टक्का कमी

झोमॅटोचा, म्हणजे आजच्या इटर्नलचा, शेअरहोल्डिंग पॅटर्न उघडला की प्रवर्तकांच्या रकान्यात शून्य दिसते. संस्थापक सगळे विकून मोकळे झाले, असा अर्थ अनेक जण काढतात आणि तिथेच फसतात. या कंपनीत कायद्याच्या भाषेतला प्रवर्तकच नाही. दीपिंदर गोयल यांचे नाव सार्वजनिक भागधारकांच्या तक्त्यात शोधावे लागते. तिमाही संपल्यावर 21 दिवसांच्या आत हा तक्ता शेअर बाजाराकडे जातो.

तिथे टक्क्याआधी शेअरची संख्या बघावी. मार्च 2025 अखेर गोयल यांच्याकडे सुमारे 36.95 कोटी शेअर होते. जुलै 2021च्या आयपीओआधी हेच शेअर साधारण साडेपाच टक्के होते. मार्च 2025पर्यंत ते 3.83 टक्क्यांवर आले. संस्थापकाने काही विकले नाही, वाढला तो छेद.

तो कसा वाढला, हे पाहण्यासारखे आहे. आयपीओत 76 रुपयांना नवे शेअर देऊन कंपनीने 9,000 कोटी उभारले, म्हणजे सुमारे 118 कोटी शेअरची भर पडली आणि गोयल यांचा वाटा 4.7 टक्क्यांच्या आसपास आला. त्याच वेळी जुन्या भागधारक इन्फो एजने 375 कोटींचे शेअर विकले, पण ते जुनेच होते, केवळ हात बदलले. 2022मध्ये ब्लिंकिट घेताना रोख रकमेऐवजी सुमारे 62.9 कोटी नवे शेअर दिले, 70.76 रुपये भावाने, म्हणजे जवळपास 4,447 कोटींचा मोबदला. नोव्हेंबर 2024मध्ये संस्थांना 252.62 रुपयांनी शेअर विकून 8,500 कोटी आणले, त्यासाठी मात्र 33.6 कोटी शेअर पुरले. रक्कम जवळपास दुप्पट आणि वाटा द्यावा लागला निम्म्याच्या आसपास. मला या सगळ्या मागोव्यात हीच तुलना सर्वांत बोलकी वाटते, कारण घसरण किती बोचते हे नव्या शेअरच्या भावावर ठरते. उरलेली भर मुख्यतः कर्मचाऱ्यांच्या शेअर योजनांची. ती थोडीथोडी होते, म्हणून बातमीत येत नाही.

संख्याही फसवू शकते. एप्रिल 2021मध्ये कंपनीने एका शेअरमागे 6,699 बोनस शेअर दिले. त्याआधीच्या कागदांतली संख्या आजच्या शेजारी ठेवायची तर आधी 6,700ने गुणावे लागते. बोनसमुळे सर्वांचे शेअर त्याच पटीत वाढतात, त्यामुळे टक्का जागचा हलत नाही.

दोन तिमाह्यांचे तक्ते शेजारी ठेवा. संस्थापकाचे शेअर घटले असतील तर त्याने विकले किंवा दुसऱ्याला दिले. शेअर तेवढेच आणि टक्का कमी असेल तर कंपनीने नवे शेअर काढले. मग ते कुणाला आणि कोणत्या भावाने दिले, हे त्या तिमाहीतल्या कंपनीच्या घोषणांत शोधा.