कोजागरीच्या चंद्राला लागलेला घास

२०२३ साली कोजागरीलाच चंद्रग्रहण आलं होतं. २८ ऑक्टोबरची रात्र. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटवायचं की नाही, आटवलं तर प्यायचं कधी, यावर बराच खल झाला आणि शेवटी मंडळी अकरालाच दूध पिऊन झोपायला गेली. जे पाच-सहा जण मागे उरलो, त्यांना एक वाजून पाच मिनिटांनी चंद्राच्या दक्षिणेकडच्या कडेला काळसर डाग चढताना दिसला. पावणेदोनच्या सुमारास तो सर्वात मोठा झाला आणि दोन-चोवीसला पुसला गेला. खंडग्रासच होतं आणि तेही लहान. चंद्राच्या व्यासाचा जेमतेम आठवा भाग झाकला गेला होता.

पण डोळ्यांना ते तसं वाटत नव्हतं. सावलीची कड चंद्राच्या कडेला ज्या दोन बिंदूंत छेदत होती, ती दोन टोकं एकमेकांपासून बरीच लांब होती. शेजारचे काका म्हणाले, “आठवा भाग कसला? निम्मा चंद्र खाल्लाय की!” आठव्या भागाचा हिशोब बरोबर होता, आणि काकांचे डोळेही बरोबर होते. दोघांच्या मधे जी गोष्ट आहे तिला शाळेत आपण सामाईक जीवा म्हणायचो.

चंद्र हे एक वर्तुळ. पृथ्वीची सावली चंद्राच्या अंतरावर जिथे पडते तिथे तीही एक वर्तुळच असते, चंद्रापेक्षा बरंच मोठं. दोन्ही एकमेकांना दोन बिंदूंत छेदतात, आणि ते बिंदू जोडणारा रेषाखंड दोन्ही वर्तुळांची जीवा असतो. त्याची लांबी काढायला तीनच आकडे लागतात: दोन त्रिज्या आणि दोन केंद्रांमधलं अंतर. आकाशातली मापं कलांमध्ये मोजतात. एका अंशाच्या साठ कला होतात. त्या रात्रीचे आकडे थोडे गोल करून घेतले तर चंद्राची त्रिज्या १६ कला, सावलीची ४४ आणि ग्रहणमध्याला केंद्रांतर ५६.

आता कागदावर दोन्ही केंद्रं जोडून रेघ मारा. ही रेघ सामाईक जीवेला काटकोनात छेदते आणि तिचे बरोबर दोन भाग करते. कारण साधं आहे: त्या रेघेवर कागदाची घडी घातली तर वरचा छेदनबिंदू खालच्यावर बसतो. मग दोन काटकोन त्रिकोण दिसतात. एकाचा कर्ण चंद्राची त्रिज्या, दुसऱ्याचा सावलीची, आणि उभी बाजू दोघांची एकच, अर्धी जीवा. चंद्राच्या केंद्रापासून जीवेपर्यंतचं अंतर x धरलं तर सावलीच्या केंद्रापासूनचं अंतर उरतं ५६ − x. दोन्हीकडे पायथागोरस लावून वजाबाकी केली की अर्धी जीवा गळून पडते, x चा वर्गही गळून पडतो, आणि हातात येतं:

x = (d² + r² − R²) / 2d

इथे d म्हणजे केंद्रांतर, r चंद्राची त्रिज्या, R सावलीची. आकडे घातले तर ३१३६ + २५६ − १९३६ = १४५६, भागिले ११२, म्हणजे बरोबर १३. अर्ध्या जीवेचा वर्ग २५६ − १६९ = ८७. वर्गमूळ ९.३३, म्हणजे पूर्ण जीवा १८.६५ कला. चंद्राचा व्यास ३२. झाकला गेला व्यासाचा आठवा भाग, पण टोकांमधलं अंतर व्यासाच्या निम्म्याहून जास्त! काकांच्या नजरेत हीच जीवा भरली होती.

हाच हिशोब आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये वेगळ्या वाटेने मांडला, आणि मला ती वाट जास्त आवडते. त्यात केंद्रांतर लागतच नाही. दोन वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात त्या भिंगासारख्या भागाची रुंदी तो घेतो आणि तिला ग्रास म्हणतो, आपला घास. आपल्याकडे १६ + ४४ − ५६ = ४. जीवा या घासाचे दोन तुकडे करते. धनुष्याच्या दोरीपासून कमानीपर्यंतची उंची तो शर, म्हणून प्रत्येक तुकडा हा एकेका वर्तुळाचा शर. नियम असा: दोन्ही व्यासांतून ग्रास वजा करा, म्हणजे २८ आणि ८४ उरतात. त्यांची बेरीज ११२. आता ग्रासाला प्रत्येकाने गुणून बेरजेने भागा. ४ × ८४ / ११२ = ३ आणि ४ × २८ / ११२ = १. खुबी शेवटी आहे: उत्तरं अदलाबदलीने घ्यायची. सावलीच्या व्यासावरून आलेला ३ हा चंद्राचा शर, चंद्राच्या व्यासावरून आलेला १ हा सावलीचा. मोठं वर्तुळ चपटं असतं, त्याची कमान जीवेपासून कमीच वर उठते. ज्याला अदलाबदल लक्षात राहत नाही त्याने एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

शर मिळाला की जीवा एका पावलावर. शराला व्यासाच्या उरलेल्या भागाने गुणलं की अर्ध्या जीवेचा वर्ग येतो. चंद्राकडून ३ × २९ = ८७, सावलीकडून १ × ८७ = ८७. दोन्हीकडून एकच उत्तर आलं नाही तर कुठेतरी चुकलंय, हा ताळा आपोआप मिळतो.

ग्रास वाढत गेला तर जीवा कुठवर वाढेल? जास्तीत जास्त चंद्राच्या व्यासाएवढी, हे उघड आहे. पण ते अर्धा व्यास झाकल्यावर घडत नाही. त्यासाठी x शून्य व्हायला हवा, म्हणजे केंद्रांतर ४१ च्या आसपास आणि ग्रास १९ कला. ३२ पैकी १९! त्यापुढे जीवा केंद्र ओलांडून पलीकडे जाते, x उणे होतो आणि जीवा पुन्हा आखडायला लागते. सूत्र ते बिनतक्रार सांभाळतं, चूक करतो तो आकृती पाहून अंतर नेहमी अधिकच धरणारा माणूस. केंद्रांतर २८ झालं की सावली चंद्राला आतून स्पर्श करते, त्याखाली खग्रास. ६० च्या वर गेलं तर वर्तुळं भेटतच नाहीत. दोन्ही टोकांपलीकडे वर्गमुळाखाली उणे संख्या येते, म्हणजे जीवाच नाही.

त्या रात्री एका मुलीने दुर्बिणीला मोबाइल लावून फोटो काढला होता. त्यावरून उलटी वाट धरता येते. जीवा मोजा, सावलीचा शर मोजा: ८७ भागिले १, अधिक १, म्हणजे सावलीचा व्यास ८८. पृथ्वीची सावली चंद्राच्या पावणेतीनपट, घरबसल्या! फोटोत चंद्र ३२० पिक्सेलचा असेल तर शर १० पिक्सेलचा. तो चुकून ९ मोजला तर व्यास ९८ च्या जवळ जातो, ११ मोजला तर ८० वर येतो. एका पिक्सेलने एवढा फरक. आणि सावलीची कड काही रेघेसारखी नसते. आपल्या वातावरणामुळे ती विटलेली असते, ग्रहणाची गणितं करणारे त्यामुळे सावली साधारण दोन टक्क्यांनी मोठी धरतात. आम्ही तिघांनी तो फोटो मोजला. उत्तरं आली ७९, ९१ आणि १०४. शंभरच्या पुढचं माझं होतं.