शेवटचा ‘स’ आणि एकवचनी क्रियापद

मराठी माध्यमातून शिकलेला माणूस इंग्रजी लिहिताना ‘द न्यूज आर गुड’ असे लिहून जातो, आणि त्यामागे एक सरळ तर्क असतो. शब्दाच्या शेवटी ‘स’ दिसतो आणि मनात मराठी वाक्य तयार असते : ‘बातम्या चांगल्या आहेत.’ बातम्या अनेक, म्हणून क्रियापदही अनेकवचनी. इंग्रजीत मात्र ‘न्यूज’ कायम एकवचनी चालतो, मग बातमी एक असो वा पन्नास.

नियम म्हणून हे सगळ्यांना पाठ असते, पण तो असा का, हे शाळेत क्वचितच सांगितले जाते. ‘न्यू’ म्हणजे नवे आणि ‘न्यूज’ म्हणजे ‘नव्या गोष्टी’, असा हा शब्द मुळात अनेकवचनीच होता. शेक्सपिअरच्या नाटकांत तो दोन्ही वचनांत आढळतो. कुठे ‘ही बातमी’, तर कुठे ‘या बातम्या’. पुढे लोकांच्या मनातला त्याचा अर्थ बदलत गेला. सुट्या सुट्या नव्या गोष्टींऐवजी ‘मिळालेली खबरबात’ असा एकच ऐवज त्यातून समजला जाऊ लागला. शेवटचा ‘स’ राहिला, पण त्याचे काम संपले. म्हणूनच आज ‘अ न्यूज’ असेही म्हणता येत नाही. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे ‘आय हॅव अ गुड न्यूज’ हे वाक्य त्याच कारणाने चुकते. पाणी जसे मोजायचे तर पेला लागतो, तशी न्यूज मोजायची तर ‘अ पीस ऑफ न्यूज’ किंवा ‘अ न्यूज आयटम’ म्हणावे लागते. एकवचनी क्रियापद घेणारा शब्द मोजता येतोच असे नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर निम्म्या चुका तिथेच टळतात.

‘मॅथेमॅटिक्स’, ‘फिजिक्स’, ‘इकॉनॉमिक्स’ यांची कथा वेगळी आहे आणि मला ती जास्त रंजक वाटते. ग्रीक भाषेत एखाद्या विषयाचे नाव ‘त्या विषयासंबंधीच्या गोष्टी’ अशा नपुंसकलिंगी अनेकवचनात देत असत. अ‍ॅरिस्टॉटलच्या ग्रंथांची ‘फिजिका’, ‘पॉलिटिका’ ही नावे याच घडणीची आहेत : निसर्गासंबंधीच्या गोष्टी, नगरराज्यासंबंधीच्या गोष्टी. ही नावे लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आली. जी मध्ययुगातच आली, त्यांतली बरीचशी ‘स’शिवाय राहिली. ‘म्युझिक’, ‘लॉजिक’, ‘अरिथमॅटिक’ ही त्यातली. सोळाव्या शतकाच्या सुमारास मूळ ग्रीक अनेकवचनाची आठवण ठेवून विषयांच्या नावांना ‘स’ लावण्याची पद्धत रूढ झाली आणि ‘मॅथेमॅटिक्स’, ‘फिजिक्स’, ‘पॉलिटिक्स’ असे शब्द स्थिरावले. म्हणजे ‘लॉजिक’ला ‘स’ नाही आणि ‘फिजिक्स’ला आहे, यामागे अर्थाचा फरक नाही, फरक आहे तो मुख्यतः इंग्रजीत येण्याच्या काळाचा. विषय एक, म्हणून क्रियापद एकवचनी : ‘मॅथेमॅटिक्स इज’. याच शब्दाचे संक्षिप्त रूप ब्रिटनमध्ये ‘मॅथ्स’ होते आणि अमेरिकेत ‘मॅथ’. पण क्रियापद दोन्हीकडे एकवचनीच राहते.

गंमत म्हणजे जुन्या अथेन्सच्या ग्रीक भाषेत नपुंसकलिंगी अनेकवचनी कर्ता आला, की त्याचे क्रियापद सामान्यतः एकवचनीच येई. इंग्रजीने तो नियम काही उचललेला नाही, पण रूप अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी ही जोडी दोन हजार वर्षांपूर्वीही कुणाला खटकत नव्हती.

खरी अडचण येते ती एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो तेव्हा. ‘स्टॅटिस्टिक्स’ घ्या. विद्यापीठात शिकवला जाणारा विषय म्हणायचा असेल तर ‘स्टॅटिस्टिक्स इज अ डिफिकल्ट सब्जेक्ट’. पण जिल्ह्याच्या पावसाची आकडेवारी म्हणायची असेल तर ‘द स्टॅटिस्टिक्स आर राँग’, कारण इथे एकेक आकडा सुटा आहे आणि त्या एका आकड्याला ‘अ स्टॅटिस्टिक’ म्हणता येते. अशा वेळी पारख अशी : ‘स’ काढून एक नग उरतो का ते बघा. मॅथेमॅटिक्समधून ‘एक मॅथेमॅटिक’ उरत नाही, आकडेवारीतून एक आकडा उरतो. ही पारख सगळीकडे पुरत नाही, तेव्हा दुसरी खूण शब्दाच्या आधी सापडते. शब्द मोकळा आला तर तो बहुधा विषय असतो. त्याआधी ‘द’, ‘हिज’, ‘देअर’ असे काही आले, तर तो बऱ्याचदा कुणाची तरी मते किंवा कशाचे तरी गुणधर्म सांगत असतो. म्हणून ‘पॉलिटिक्स इज’, पण एखाद्याच्या राजकीय मतांबद्दल बोलताना ‘हिज पॉलिटिक्स आर’. ध्वनिशास्त्र ‘अकूस्टिक्स इज’, पण सभागृहात आवाज घुमतो हे सांगताना ‘द अकूस्टिक्स ऑफ द हॉल आर बॅड’.

देशाचे नावही या पेचातून सुटले नाही. ‘युनायटेड स्टेट्स’ आज एकवचनी आहे. पण गुलामगिरी संपवणाऱ्या 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीत याच नावासाठी ‘देअर’ हे अनेकवचनी सर्वनाम आहे, कारण तेव्हा अनेक संस्थानांचा संघ हा अर्थ अजून जागा होता.

समूहवाचक नामांत दिसणे नेमके उलटे असते. ‘टीम’, ‘कमिटी’, ‘फॅमिली’ यांना ‘स’ नाही, पण आत माणसे अनेक. अमेरिकन इंग्रजी इथे जवळजवळ नेहमी एकवचन वापरते. ब्रिटिश इंग्रजी मात्र डोळ्यांसमोर काय आहे ते पाहते. समिती एक संस्था म्हणून ठराव करते तेव्हा ‘हॅज’, सदस्य आपसांत भांडतात तेव्हा ‘आर’. क्रिकेटचे इंग्रजी समालोचन ऐकणाऱ्याला हे ओळखीचे आहे. ‘इंडिया आर 184 फॉर 3’ हे वाक्य बरोबर आहे, कारण इथे ‘इंडिया’ म्हणजे अकरा खेळाडू. भूगोलाच्या पुस्तकात तोच शब्द ‘इंडिया इज’ होतो. मराठीत आपण दोन्हीकडे ‘भारत जिंकला’, ‘भारत मोठा आहे’ असे एकवचनच ठेवतो, म्हणून समालोचनातला ‘आर’ सुरुवातीला चुकीचा वाटतो.

लिहिताना बिघडते ते बहुतेक वेळा क्रियापद निवडताना नाही, तर त्यानंतर. ‘द कमिटी हॅज सबमिटेड देअर रिपोर्ट’ असे वाक्य पाहा. ‘हॅज’ने समितीला एक मानले आणि ‘देअर’ने लगेच अनेक. औपचारिक लेखनात एकतर ‘हॅज’ आणि ‘इट्स’, नाहीतर ‘हॅव’ आणि ‘देअर’ अशी जोडी राखायची. ‘फॅमिली’नंतर ‘विच’ आले तर पुढे ‘हॅज’, ‘हू’ आले तर ‘हॅव’, हेही त्याच जोडीचे. कार्यालयीन पत्रात किंवा परीक्षेत अडले तर एकवचन धरावे. ते दोन्ही देशांत चालते.

फक्त ‘पोलीस’, ‘कॅटल’ आणि माणसे या अर्थी ‘पीपल’ यांना ही सवलत लावू नये. त्यांना ‘स’ नाही, तरी क्रियापद अनेकवचनीच येते : ‘द पोलीस हॅव अरेस्टेड हिम’. ‘अ पोलीस केम’ हे आपल्या ‘एक पोलीस आला’चे थेट भाषांतर आहे आणि इंग्रजीत ते चालत नाही, तिथे ‘पोलीस ऑफिसर’ किंवा ‘कॉन्स्टेबल’ म्हणावे लागते.