स्लिंग आखूड, ताण अडीचपट

दोन टनांचा जनरेटर ट्रकवरून उतरवायचा आहे. त्याच्या चौकटीवर तीन मीटर अंतरावर दोन कड्या आहेत. क्रेनच्या हुकात वायर रोपच्या दोन स्लिंगा अडकवल्या, प्रत्येकीच्या बिल्ल्यावर लिहिलंय दोन टन. वजन दोघींत वाटलं जाणार, म्हणजे एकीवर एकच टन, असं वाटतं. स्लिंगा सरळ उभ्या लोंबत असत्या तर ते खरंही होतं. पण इथे त्या एकाच हुकातून तिरक्या खाली आल्या आहेत.

पाण्याने भरलेली बादली दोघांनी एकाच कडीला धरून उचलावी. जवळ उभे असाल तर सोपं जातं. एकमेकांपासून लांब सरकलात की दंड भरून येतात. पाणी तेवढंच असतं, पण आता हात वर ओढता ओढता बाजूलाही ओढत असतात, आणि बाजूच्या ओढीने बादली तसूभरही उचलली जात नाही. स्लिंगचंही तसंच. वजन पेलतो तो ताणाचा उभा भाग. स्लिंग आडवी होत गेली की तो घटतो, मग वजन पेलायला एकूण ताण वाढावा लागतो.

याचा हिशेब मोजपट्टीने होतो. स्लिंगच्या लांबीला कड्यांपासून हुकापर्यंतच्या उभ्या उंचीने भागायचं आणि उत्तराने निम्म्या वजनाला गुणायचं. स्लिंगा तीन मीटरच्या असतील तर हुक 2.6 मीटर वर राहतो आणि प्रत्येकीवर सुमारे 1,155 किलोंचा ताण येतो. क्रेनची उंची पुरेना म्हणून 1.6 मीटरच्या स्लिंगा लावल्या, तर हुक कड्यांपासून जेमतेम 56 सेंटिमीटर वर राहतो. ताण जातो 2,870 किलोंच्या आसपास, म्हणजे बिल्ल्यावरच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे.

तरीही स्लिंग बहुधा लगेच तुटत नाही. वायर रोपच्या स्लिंगची मर्यादा ठरवताना सहसा पाचपट ताकद हाताशी ठेवलेली असते. मला खरा धोका इथेच दिसतो: काम निभावून गेलं की तीच जोडी पुन्हा वापरली जाते. कड्यांना मात्र तेवढी सवलत नसते. आखूड स्लिंगा त्यांना सुमारे 2.7 टनांनी आत खेचतात. उभ्या ओढीसाठी बसवलेला आय-बोल्ट अशा आडव्या ओढीला फार कमी टिकतो. तो वाकतो, चौकटही मधे फुगते. भार जमिनीपासून वीतभर उचलून थांबावं आणि कड्या कललेल्या दिसल्या तर खाली टेकवावा.

स्लिंगची लांबी कड्यांमधल्या अंतराइतकी ठेवली की समभुज त्रिकोण होतो, आडव्या रेषेशी 60 अंशांचा कोन मिळतो. 30 अंशांवर प्रत्येक स्लिंगवर अख्खं वजन येतं. तक्ता वाचताना कोन कुठून मोजलाय हे आधी पाहावं: काही तक्त्यांत तो दोन स्लिंगांमधला असतो, आणि तिथे हीच 30 अंशांची स्थिती 120 अंश म्हणून छापलेली असते.