फोटोतल्या लेबलवरचं मीठ

परवा आईने दुकानातूनच शेवेच्या दोन पाकिटांच्या लेबलांचे फोटो पाठवले. बाबांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, तर यातलं कुठलं घेऊ, असा तिचा प्रश्न होता.

पहिल्या पाकिटावर एका सर्व्हिंगमध्ये सोडियम 170 मिलिग्रॅम, दुसऱ्यावर 210. साहजिकच पहिलं बरं वाटतं. पण सर्व्हिंग किती ग्रॅमची, हे कंपनीच ठरवते. पहिल्याची होती 20 ग्रॅमची, दुसऱ्याची 30 ग्रॅमची. मापंच वेगळी, मग त्या आकड्यांची तुलना कशी करणार? म्हणून शेजारचा 100 ग्रॅमचा रकाना पाहिला. पहिल्यात 850, दुसऱ्यात मात्र 70!

इतका फरक पटेना. फोटो मोठा करून पाहिला, तर पाकिटाची चुणी नेमकी त्या आकड्यावर आली होती. अशा वेळी दुसरा रकाना मदतीला येतो. 30 ग्रॅममध्ये 210, म्हणजे 10 ग्रॅममध्ये 70 आणि 100 ग्रॅममध्ये 700. एक शून्य चुणीत गेलं होतं. दशांश चिन्हही असंच हरवतं. दोन्ही रकाने एकमेकांशी जुळले नाहीत, तर पाकीट सपाट धरून फोटो पुन्हा मागवावा.

म्हणजे दुसरी शेव कमी खारट. पण पोटात किती जातं, ते वाटीवर ठरतं. आमच्या वाटीत शेव वजन करून पाहिली, तर ती 50 ग्रॅम भरली. त्यात सोडियम 350 मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं, म्हणजे जवळपास 0.9 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. त्यातलं जवळजवळ एक ग्रॅम चहासोबतच्या एका वाटीत संपलं. लेबलवरची टक्केवारी मात्र 30 ग्रॅमच्या सर्व्हिंगचीच असते.

साखरेचंही तसंच. 100 मिलिलिटरला 11 ग्रॅम साखर असलेल्या शीतपेयाची 600 मिलिलिटरची बाटली एकट्याने संपवली, तर 66 ग्रॅम साखर जाते. आपल्याकडच्या लेबलवर वरून घातलेल्या साखरेची टक्केवारी दिवसाला 50 ग्रॅम धरून काढतात. दुधाच्या पदार्थात एकूण साखरेऐवजी या ‘अ‍ॅडेड शुगर’च्या ओळीकडे पाहावं, कारण दुधात मुळातच थोडी साखर असते. उलट लोणच्याचा 100 ग्रॅमचा आकडा पाहून दचकायचं कारण नाही, पानात एखादीच फोड येते. म्हणून दोन पाकिटांतून एक निवडताना 100 ग्रॅमचा रकाना पाहावा आणि पोटात किती गेलं ते काढताना आपल्या वाटीचं वजन धरावं.

आईने दुसरं पाकीट घेतलं. तुम्हीही कुणाला लेबलचा फोटो पाठवाल, तेव्हा सर्व्हिंगच्या मापाची ती बारीक ओळ फोटोत आली आहे ना, एवढं बघा.